कंपनीतील पुनर्रचनेचे पत्र कर्मचाऱ्यांना कसे लिहावे? मसुदा तपासून हवा आहे

टाइम_ऑफिस

नमस्कार. पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी मनुष्यबळ विभागात काम करते. आमचा जुना कारखाना भोसरीत आणि नवा रांजणगावात असून दोन्ही मिळून १८६ माणसे पटावर आहेत. आतापर्यंत दोन्हीकडे स्टोअर्स, परचेस आणि डिस्पॅच ही खाती वेगवेगळी होती. आता ही तिन्ही खाती एकत्र करून रांजणगावला न्यायची आणि दोन्हीकडच्या क्वालिटी विभागाला एकच प्रमुख नेमायचा, असे व्यवस्थापनाने ठरवले आहे. भोसरीत उत्पादन पूर्वीसारखेच चालू राहील.

माणसांचा हिशेब असा आहे. १४१ जणांच्या कामात काहीही बदल नाही, २७ जणांचे काम व जागा तीच राहून वरिष्ठ बदलतील, १२ जणांना भोसरीहून रांजणगावला जावे लागेल आणि ६ जागा रद्द होतील. त्या सहांपैकी चार स्टोअर्समधील कारकून आहेत आणि दोन पर्यवेक्षक.

साहेबांनी लिहून दिलेल्या पत्राची सुरुवात अशी आहे: "बदलत्या जागतिक स्पर्धेच्या युगात अधिक चपळ, एकसंध आणि ग्राहकाभिमुख होण्याच्या दिशेने आपल्या परिवाराने एक महत्त्वाचे पाऊल उचलले आहे." सहा जागांचा उल्लेख शेवटून दुसऱ्या परिच्छेदात "काही भूमिकांचे सुसूत्रीकरण करण्यात येईल" एवढाच आहे. हे पत्र पुढच्या सोमवारी सूचना फलकावर लावावे आणि बदल १ तारखेपासून लागू करावेत, असे त्यांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही, परंतु नेमके काय बदलावे हे जाणकारांनी सांगावे.

कच्चा_मसुदा

कंपन्यांची पत्रे लिहून देणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे प्रथम भाषेविषयी लिहितो. असे पत्र हातात पडले की माणूस ते वाचत नाही, त्यात स्वतःला शोधतो. "माझे काय होणार?" याचे उत्तर मिळेपर्यंत बाकीची वाक्ये त्याच्या डोळ्यांसमोरून नुसती सरकत जातात. त्यामुळे कारण आधी दिले तरी ते दोन-तीन वाक्यांत आटोपावे आणि सहा जागा रद्द होत असल्याचे पहिल्याच परिच्छेदात आकड्यानिशी सांगावे.

याचे गाजलेले उदाहरण २०१४ सालचे आहे. नोकियाचा फोन व्यवसाय विकत घेतल्यावर मायक्रोसॉफ्टने १८,००० जागा कमी करण्याचे जाहीर केले आणि त्यांपैकी सुमारे १२,५०० जागा त्या फोन व्यवसायाशी संबंधित होत्या. त्या विभागाचे प्रमुख स्टीफन इलोप यांनी आपल्या माणसांना जे पत्र पाठवले, त्यात कुठला फोन कोणत्या ग्राहकासाठी याची चर्चा बरेच परिच्छेद चालली आणि १२,५०० हा आकडा त्यानंतर आला. त्याच दिवशी मुख्याधिकारी सत्या नडेला यांच्या पत्रात मात्र १८,००० हा आकडा सुरुवातीलाच होता. बातमी दोघांचीही वाईट होती, परंतु टिंगल झाली ती इलोप यांच्या पत्राची.

"परिवार" हा शब्द कृपया काढून टाका. ज्या पत्रात सहा जणांना घराबाहेर काढायचे आहे, त्यात तो फार बोचतो.

हिंजवडीकर

एवढा विचार कशाला करायचा? एअरबीएनबीच्या ब्रायन चेस्की यांचे ५ मे २०२० चे पत्र काढा आणि त्याच साच्यात आपला मजकूर भरा. ७,५०० पैकी सुमारे १,९०० जणांना कमी करायचे होते आणि हे पत्रातच स्पष्ट सांगितले होते. ही वेळ का आली, जागा कमी करताना कोणते निकष लावले, जाणाऱ्यांना काय मिळेल आणि पुढचे काही तास कसे असतील, हे सगळे त्यात ओळीने आहे. अमेरिकेतील कर्मचाऱ्यांना १४ आठवड्यांचा मूळ पगार, शिवाय नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे एक आठवडा आणि बारा महिन्यांचा आरोग्यविमा दिला होता. लॅपटॉपही ज्याचा त्याच्याकडेच राहू दिला. मदतीच्या भागात "शक्य ते सहकार्य करू" असे एकही मोघम वाक्य नाही.

पेन्शनर_पर्सोनेल

एकतीस वर्षे कारखान्यांच्या पर्सोनेल खात्यात काढली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हिंजवडीकर यांनी सांगितलेले पत्र मदतीच्या भागासाठी जरूर पाहावे, परंतु त्याचा क्रम येथे चालणार नाही. त्या वेळी लोक महामारीमुळे घरोघरी बसले होते. त्यामुळे पत्र आधी सर्वांना गेले आणि ज्यांना जायचे होते त्यांना भेटीचे निमंत्रण त्यानंतरच्या काही तासांत मिळाले. भोसरीच्या कारखान्यात सर्वसाधारण पत्र आधी फलकावर लागले, तर स्टोअर्समधील प्रत्येक माणूस ते सहा जण कोण याचा अंदाज बांधू लागेल आणि ते सहा जण स्वतःची बातमी इतरांच्या चेहऱ्यावर वाचतील. म्हणून सहा जणांना त्याच दिवशी सकाळी, एकेकट्याने, त्यांच्या खातेप्रमुखाने समोर बसवून सांगावे. त्यानंतर बदली होणाऱ्या बारा जणांना सांगावे. मग २७ जणांच्या जुन्या आणि नव्या वरिष्ठांना एकत्र बोलावावे आणि पत्र सर्वांत शेवटी वाचून दाखवावे. ते पाळी बदलताना, दोन्ही पाळ्या आवारात असतानाच वाचावे. सकाळी दहाला वाचलेले पत्र दुसऱ्या पाळीला फाटकावर ऐकीव स्वरूपात मिळते आणि तोवर सहाचे सोळा झालेले असतात.

दुसरे म्हणजे १ तारखेचा आग्रह सोडावा. औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून तिच्या परिशिष्टात दिलेल्या सेवाशर्तींमधील बदलांसाठी कलम ४० नुसार २१ दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. जुन्या कायद्यात हेच कलम ९अ होते. पत्रात "१ तारखेपासून बदल लागू करण्यात आले आहेत" असे छापले आणि नोटिशीची मुदत मागाहून मोजायला बसलात, तर तुमचेच पत्र तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून दाखल होईल.

शॉप_फ्लोअर

मी आमच्या युनियनच्या कमिटीवर आहे. काकांचे बरोबर आहे, परंतु ते अर्धेच सांगत आहेत. बदली हादेखील सेवाशर्तींतील बदलच असल्यामुळे त्या बारा जणांनाही २१ दिवसांची नोटीस द्यावीच लागेल, आणि ती दिली नाही तर बदली आपोआप रद्द होते. ताईंनी साहेबांना हे स्पष्ट सांगावे.

पेन्शनर_पर्सोनेल

शॉप_फ्लोअर, हे इतके सरळ नाही. नेमणूकपत्रात कंपनीच्या कोणत्याही कारखान्यात बदली होऊ शकते अशी अट असेल, तर निव्वळ बदली ही त्या परिशिष्टातील बाब ठरत नाही. परंतु बदलीबरोबर जे जाते, ते त्यात येऊ शकते. भोसरीच्या माणसाला आज कंपनीची बस आहे. रांजणगाव तेथून चाळीस किलोमीटरांहून दूर आहे आणि तिकडे बस नसेल, तर वर्षानुवर्षे मिळत आलेली सवलत काढून घेतली असा दावा उभा राहतो. पाळीची वेळ किंवा एखादा भत्ता बदलला तरी तसेच होते. म्हणून ताईंनी आधी बारा नेमणूकपत्रे काढून बदलीची अट वाचावी आणि मग प्रत्येकाच्या बाबतीत जागा सोडून आणखी काय बदलते ते लिहून काढावे. बदली कोणाला तरी धडा शिकवण्यासाठी केली असा आरोप झाला, तर महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्याखाली आजवर तो स्वतंत्र तक्रारीचा विषय होत आला आहे. बारांमध्ये कमिटीचे दोन-तीन सदस्य असतील, तर त्यांची निवड कशी झाली याचे कारण आधीच कागदावर असावे.

शॉप_फ्लोअर

बसचा मुद्दा मान्य आहे. आमच्याकडे नेमके त्यावरच अडले होते.

सीट_नंबर_१४

बसचा विषय निघाला म्हणून माझी हकीकत सांगतो. आमच्या कंपनीत पुनर्रचना होणार अशी कुजबुज होती, परंतु पत्र निघालेले नव्हते. एका शुक्रवारी वाहतूक विभागाने पुढच्या महिन्याची बसची यादी टाइम ऑफिसच्या खिडकीशेजारी लावली आणि तिच्यात चौदा नंबरच्या आसनापुढे माझ्या नावाऐवजी दुसऱ्याच कोणाचे तरी नाव होते. मला वाटले, टायपिंगची चूक असेल, म्हणून मी दुरुस्ती सांगायला आत गेलो. तिथला मुलगा खाली मान घालून म्हणाला, "तुम्ही एकदा साहेबांना भेटून घ्या." एकोणीस वर्षांची नोकरी संपल्याचे मला बसच्या यादीवरून कळले. सोमवारी मिळालेल्या पत्रात सगळे व्यवस्थित होते, कारणे होती, रक्कम होती, आभारही होते, परंतु मी ते आजतागायत पूर्ण वाचलेले नाही.

जाता जाता विचारतो, भविष्य निर्वाह निधीतले पैसे अशा वेळी लगेच काढावेत की तसेच ठेवावेत?

टाइम_ऑफिस

सीट_नंबर_१४, वाचून वाईट वाटले. निधीच्या प्रश्नासाठी कृपया वेगळा धागा काढावा, मी तेथे उत्तर देईन. परंतु तुमच्या हकीकतीमुळे एक गोष्ट लक्षात आली. आमच्याकडेही बसची यादी, पंचिंगची नवी खाती आणि दूरध्वनी क्रमांकांची यादी हे सगळे वेगवेगळ्या टेबलांवर तयार होत आहे. आजच या तिन्ही याद्या माझ्याकडे मागवून घेते आणि पत्र वाचून होईपर्यंत त्यातले काहीही छापले जाणार नाही याची व्यवस्था करते.

लेस्टरकर

मी इंग्लंडमध्ये गोदाम व्यवस्थापक आहे. येथे एकाच ठिकाणी नव्वद दिवसांत वीस किंवा अधिक जागा कमी करायच्या असतील, तर पहिल्या माणसाला काढण्यापूर्वी किमान ३० दिवस कर्मचारी प्रतिनिधींशी सल्लामसलत करावी लागते आणि शंभर किंवा अधिक जागा असतील तर ती मुदत ४५ दिवसांची होते. सहा जागांना हा नियम लागू होत नसला तरी प्रत्येकाशी स्वतंत्र चर्चा अपेक्षित असते. त्यामुळे आमच्या पहिल्या पत्रात "ठरले आहे" असा शब्दच येत नाही, "प्रस्ताव आहे" असे लिहिले जाते, कारण ठरवून झाल्यावर केलेली सल्लामसलत खोटी मानली जाते. तुम्हीही सर्वत्र "प्रस्तावित" असेच लिहावे असे सुचवतो.

कच्चा_मसुदा

लेस्टरकर, हा शब्द येथे जपून वापरावा लागेल. जेथे खरोखर चर्चेला वाव आहे तेथे "प्रस्तावित" लिहिणे प्रामाणिकपणाचे आहे, उदाहरणार्थ बारा जणांची रुजू होण्याची तारीख किंवा बसचा मार्ग. परंतु खाती एकत्र होणार हे जर संचालक मंडळाने ठरवलेच असेल, तर त्याला प्रस्ताव म्हणणे म्हणजे लोकांना खोट्या आशेवर ठेवणे आहे. पत्रात दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात: हे ठरले आहे, आणि यावर तुमचे म्हणणे अमुक तारखेपर्यंत ऐकून घेतले जाईल.

पेन्शनर_पर्सोनेल

सहमत आहे, फक्त ज्या बाबी कलम ४० च्या नोटिशीत जातील त्यांना पत्रातही "प्रस्तावित" असेच म्हणावे, म्हणजे दोन कागद एकमेकांविरुद्ध बोलणार नाहीत.

आता सहा जागांविषयी. चार कारकून कायद्याच्या दृष्टीने कामगार आहेत. पर्यवेक्षकांचा पगार महिना १८,००० रुपयांच्या वर असेल तर नव्या संहितेत ते कामगार ठरत नाहीत, त्यांच्यासाठी नेमणूकपत्रातील नोटिशीची अट पाहावी. चौघांना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागेल. शिवाय नव्या संहितेनुसार पुनर्कौशल्य निधीतून पंधरा दिवसांचे वेतन नोकरकपातीपासून ४५ दिवसांत त्यांच्या खात्यात जमा व्हायला हवे. ही बाब नवी असल्यामुळे अनेकांच्या मसुद्यात राहून जाते.

यात एक चूक हमखास होते. ग्रॅच्युइटी आणि नोकरकपातीची भरपाई या दोन्हींत "पंधरा दिवस" असल्यामुळे लेखा विभाग दोन्हीला एकच सूत्र लावतो. समजा, एका कारकुनाची अकरा वर्षे पूर्ण झाली आहेत आणि हिशेबासाठी धरायचा पगार २६,००० रुपये आहे. ग्रॅच्युइटीसाठी महिना २६ दिवसांचा धरतात, म्हणून पंधरा दिवसांचे १५,००० आणि अकरा वर्षांचे १,६५,००० रुपये होतात. मासिक पगारदाराच्या भरपाईत पंधरा दिवस म्हणजे सामान्यतः अर्धा महिना धरतात, म्हणजे १३,००० आणि अकरा वर्षांचे १,४३,००० रुपये. या दोन रकमा वेगळ्या आहेत आणि दोन्ही द्यायच्या आहेत, एक देऊन दुसरी वळती करायची नाही. हे आकडे सर्वसाधारण पत्रात घालू नयेत. प्रत्येकाच्या हातात त्याच्या नावाचा एक कागद द्यावा आणि त्यावर प्रत्येक रक्कम व ती खात्यात जमा होण्याची तारीख वेगवेगळ्या ओळीत असावी. वाईट बातमी ऐकलेल्या माणसाला तोंडी सांगितलेला आकडा आठवत नाही. घरी गेल्यावर तो कागद बायकोपुढे ठेवता आला पाहिजे.

आणि एक प्रश्न ताईंना: रांजणगावच्या स्टोअर्समध्ये या चौघांपेक्षा नंतर लागलेले कारकून आहेत का? असतील, तर "शेवटी आलेला आधी जाईल" हे तत्त्व आडवे येईल.

टाइम_ऑफिस

आहेत, दोघे. तीन वर्षांपूर्वी लागलेले. परंतु रांजणगावचा कारखाना वेगळ्या परवान्यावर आहे, म्हणून दोन्हींची ज्येष्ठता यादी वेगळी धरली जाते.

शॉप_फ्लोअर

परवाना वेगळा असला म्हणून काय झाले? मालक एक, पगारपत्रक एक आणि आता तर स्टोअर्सही एकच होणार. कोर्टात आम्ही हेच म्हणू की आस्थापना एकच आहे.

पेन्शनर_पर्सोनेल

आणि त्यांचे म्हणणे हास्यास्पद ठरणार नाही. कामाची एकात्मता, माणसांची अदलाबदल, एकच व्यवस्थापन, हे सगळे पाहून ते ठरते आणि दोन्ही बाजूंनी निकाल लागलेले मी पाहिले आहेत. गंमत अशी की तुमच्या पत्रात "दोन्ही कारखाने आता एक म्हणून काम करतील" असे वाक्य आले, तर तेच शॉप_फ्लोअर यांच्या बाजूने जाईल. हा मुद्दा येथे सुटणारा नाही, वकिलांना दोन्ही ज्येष्ठता याद्या दाखवा. माझे व्यक्तिगत मत विचाराल, तर चौघांपैकी ज्यांची रांजणगावला जाण्याची तयारी असेल त्यांना आधी विचारावे.

कच्चा_मसुदा

ताई, आतापर्यंतच्या चर्चेवरून पत्राचा मुख्य भाग असा करून पाहिला आहे:

"भोसरी आणि रांजणगाव येथील स्टोअर्स, परचेस आणि डिस्पॅच ही खाती एकत्र करून रांजणगाव येथे एकच खाते करण्याचा निर्णय संचालक मंडळाने घेतला आहे. यामुळे १२ सहकाऱ्यांचे कामाचे ठिकाण बदलेल आणि ६ जागा रद्द होतील. या सर्वांशी आज सकाळी प्रत्यक्ष बोलणे झाले आहे. ज्यांच्याशी बोलणे झालेले नाही, त्यांची जागा किंवा कामाचे ठिकाण या पुनर्रचनेत बदलत नाही.

एकच माल दोन्हीकडे वेगवेगळा खरेदी होतो आणि एका कारखान्यात पडून असलेला माल दुसऱ्यासाठी पुन्हा मागवला जातो, हे या निर्णयाचे कारण आहे. जागा रद्द होत असलेल्या सहकाऱ्यांच्या कामाच्या दर्जाशी या निर्णयाचा संबंध नाही.

क्वालिटी विभागातील आणि एकत्र होणाऱ्या खात्यांतील २७ सहकाऱ्यांचे काम, पगार, पाळी आणि ठिकाण तेच राहून फक्त वरिष्ठ बदलतील. रजा आणि ओव्हरटाइमच्या मंजुरीसाठी नव्या वरिष्ठांकडे केव्हापासून जायचे, ते प्रत्येकाला लेखी कळवले जाईल."

यातले कारण खरे आहे ना, हे मात्र तुम्ही तपासा. स्टोअर्समधील लोकांना कोणते खोके किती दिवस पडून आहे हे साहेबांपेक्षा अधिक ठाऊक असते, त्यामुळे ओढूनताणून आणलेले कारण त्याच दिवशी दुपारच्या चहाला उघडे पडते.

हिंजवडीकर

"ज्यांच्याशी बोलणे झालेले नाही त्यांचे बदलत नाही" हे वाक्य फार उपयोगाचे आहे. परंतु त्या दिवशी एखादा रजेवर असला तर?

कच्चा_मसुदा

चांगला प्रश्न आहे. मग ते वाक्य खोटे ठरते. अठरा जणांपैकी कोणी रजेवर असेल, तर त्याला घरी जाऊन भेटावे, निदान आधी दूरध्वनी करावा. तो होईपर्यंत पत्र वाचू नये.

टाइम_ऑफिस

सर्वांचे आभार. काल साहेबांबरोबर दोन तास बसले होते. पत्राचा क्रम, सकाळच्या भेटी आणि वैयक्तिक हिशेबाचा कागद त्यांनी मान्य केला. कारणाच्या बाबतीत स्टोअर्सप्रमुखांकडे विचारणा केली, तर पावडर कोटिंगच्या हुकांची एकच ऑर्डर गेल्या वर्षी दोन्हीकडून निघाल्याची कागदपत्रे त्यांनी काढून दाखवली, तेव्हा ते उदाहरण पत्रातही घालत आहोत. बारा जणांसाठी भोसरीहून बस सहा महिने चालू ठेवण्याची तयारी आहे, पुढचे मात्र ते बोलत नाहीत.

दोन गोष्टींवर अडले आहे. "यापुढे आणखी जागा कमी होणार नाहीत" हे वाक्य साहेबांना हवे आहे, त्याने लोक निश्चिंत होतील असे त्यांना वाटते. आणि चार कारकुनांना रांजणगावचा पर्याय द्यायचा, तर तेथील दोघांचे काय, यावर वकिलांचे मत यायचे आहे. त्यामुळे सोमवार रद्द झाला आहे.

पेन्शनर_पर्सोनेल

सोमवार रद्द झाला हे उत्तमच झाले. त्या वाक्याबद्दल साहेबांना एवढेच विचारा, मोठ्या ग्राहकाने पुढच्या वर्षीची ऑर्डर निम्मी केली तर हे वाक्य पाळाल का? "नाही" म्हणाले, तर "३१ मार्चपर्यंत या खात्यांत आणखी जागा कमी करण्याचे नियोजन नाही" असे लिहा, तेही खरे असेल तरच. आणि सहा महिन्यांनंतर बसचे काय, हा प्रश्न पत्र वाचून संपताच पहिल्यांदा विचारला जाईल, त्याचे उत्तर आताच ठरवून ठेवा.

सीट_नंबर_१४

बसच्या याद्या ताब्यात घेतल्या का?

टाइम_ऑफिस

घेतल्या. तिन्ही माझ्या कपाटात कुलूपबंद आहेत. वाहतूक विभागाचा मुलगा दोनदा मागायला येऊन गेला.